एक हजार व्यस्तांकांची बेरीज: ऑयलरने फक्त दहा पदं जोडून ती तेरा स्थळांपर्यंत कशी काढली

१७५५ साली लेओनहार्ड ऑयलरचा विकलनावरचा जाडजूड लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या भागाच्या सहाव्या प्रकरणात तो एक साधा दिसणारा प्रश्न हाती घेतो. १ मध्ये १/२ मिळवा, मग १/३, मग १/४, असं करत १/१००० पर्यंत जा. बेरीज किती? त्याचं उत्तर आहे ७.४८५४७०८६०५५०३. आज संगणकावर ताडून पाहिलं तर यातला एकही अंक चुकलेला नाही, आणि हे उत्तर काढताना ऑयलरने हजार भागाकार केलेले नाहीत. प्रत्यक्ष जोडलेली पदं फक्त दहा. उरलेल्या ९९० पदांचं काम त्याने नैसर्गिक लॉगरिदमकडून करवून घेतलं. हे कसं जमतं आणि त्यावर किती विसंबता येतं, हे या एका उदाहरणात अथपासून इतिपर्यंत पाहू.

आधी सरळ मार्ग किती अवघड आहे ते बघा. अपूर्णांकांची बेरीज शाळेत शिकवतात तशी, छेद समान करून, करायची ठरवली तर १ ते १००० या सगळ्या संख्यांचा लसावि लागतो, आणि तो ४३३ अंकी आहे. म्हणून ती वाट सोडून दशांशात जोडायचं ठरवलं, तर हजार भागाकार आणि हजार बेरजा. यातही एक खोच आहे. प्रत्येक भागाकार तेराव्या स्थळावर थांबवला की त्यात शेवटच्या अंकाच्या अर्ध्यापर्यंत चूक राहते. अशा हजार चुका सगळ्या एकाच बाजूला पडल्या तर एकूण चूक शेवटच्या स्थळाच्या पाचशेपटीपर्यंत जाईल. त्या सहसा एकमेकींना खोडतात आणि आठ-दहापटींवर निभावतं, पण ‘सहसा’वर हिशोब सोडता येत नाही. म्हणजे तेरा स्थळं निश्चित हवी असतील तर प्रत्येक भागाकार सोळा स्थळांपर्यंत करायचा. दिवसचे दिवस जातील, आणि मध्येच एक अंक चुकला तर तो कुठे चुकला हे सापडणारही नाही.

म्हणून आधी ढोबळ अंदाज घ्यावा. चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने पदांचे गट पाडण्याची युक्ती वापरली होती. १/३ आणि १/४ मिळून १/२ पेक्षा जास्त होतात, कारण दोन्ही पदं किमान १/४ आहेत. १/५ ते १/८ ही चार पदं किमान १/८ आहेत, म्हणजे पुन्हा १/२ पेक्षा जास्त. असं दुप्पट-दुप्पट करत ५१२ पर्यंत गेलं की पहिला १ आणि त्यानंतर किमान १/२ चे नऊ गट मिळतात. बेरीज ५.५ च्या वर गेली. आता उलट बाजूने पाहा. १/२ आणि १/३ मिळून फार तर १, १/४ ते १/७ मिळून फार तर १, असं १०२३ पर्यंत गेलं तर एकूण दहा गट होतात. म्हणजे बेरीज १० च्या आत. ओरेमला यातून बेरीज कधीच थांबत नाही एवढंच दाखवायचं होतं. आपल्याला मात्र यात आणखी एक गोष्ट दिसते. संख्या दुप्पट झाली की बेरजेत जवळपास ठरावीक भर पडते. संख्यांचा गुणाकार होतो तेव्हा उत्तरांची बेरीज होते, आणि हाच लॉगरिदमचा स्वभाव आहे.

हा स्वभाव उघड पाहायचा तर दुपटीऐवजी दसपट घ्या, म्हणजे एक अंकी, दोन अंकी आणि तीन अंकी संख्या वेगळ्या काढा. १ ते ९ च्या व्यस्तांकांची बेरीज २.८२८९६८ येते. १० ते ९९ या नव्वद संख्यांची २.३४८४०९. १०० ते ९९९ या नऊशे संख्यांची २.३०७०९३. मला हे तीन आकडे फार आवडतात, कारण त्यांच्यात या प्रकरणाचं सगळं मर्म आहे. पहिल्या गटात नऊ पदं आहेत आणि तिसऱ्यात नऊशे, तरी दोघांची बेरीज सारख्याच मापाची आहे. शिवाय हे आकडे एका ठरावीक संख्येकडे सरकताहेत. ती संख्या म्हणजे २.३०२५८५, दहाचा नैसर्गिक लॉगरिदम. तिसरा गट तिच्यापासून ०.००४५ वर आहे, दुसरा ०.०४६ वर, पहिला अर्ध्याहून थोडा जास्त दूर. गट पुढचा घेतला की हे अंतर जवळजवळ दहापटीने घटतं. थोडक्यात, लॉगरिदम जिथे चुकतो तिथली बहुतेक चूक सुरुवातीच्या मोजक्या पदांत आहे. पुढची शेकडो पदं अगदी शहाण्यासारखी वागतात. सुरुवात हाताने करायची आणि पुढचं सूत्रावर सोडायचं, ही ऑयलरची रीत नेमकी यावर उभी आहे.

दहाचा लॉगरिदम इथे आला कुठून? आलेखाच्या कागदावर y = 1/x हा वक्र काढा. १ ते १० मधलं वक्राखालचं क्षेत्रफळ घ्या आणि मग १० ते १०० मधलं. दुसरी पट्टी दहापट रुंद आहे आणि दहापट बुटकी. पहिली पट्टी आडवी दहापट ताणून उभी दहापट दाबली की बरोबर दुसरी मिळते, म्हणून दोघींचं क्षेत्रफळ एकच. १ ते n पर्यंतच्या या क्षेत्रफळालाच n चा नैसर्गिक लॉगरिदम म्हणतात, ln n. आता त्याच कागदावर १ ते २ च्या मध्ये १ उंचीचा आयत काढा, २ ते ३ च्या मध्ये १/२ उंचीचा, ३ ते ४ च्या मध्ये १/३ उंचीचा, आणि असेच पुढे. प्रत्येक आयताची रुंदी १ असल्यामुळे त्याचं क्षेत्रफळ म्हणजेच आपलं पद. आयतांची ही उतरती पायरी वक्राच्या थोडी वर राहते, आणि बेरीज व लॉगरिदम यांच्यातला फरक म्हणजे पायरी आणि वक्र यांच्यामधले छोटे छोटे तुकडे.

या तुकड्यांकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. पहिला तुकडा १ आणि १/२ या उंचींमध्ये बसतो. दुसरा १/२ आणि १/३ यांच्यामध्ये, तिसरा १/३ आणि १/४ यांच्यामध्ये. सगळे तुकडे डावीकडे सरकवून पहिल्या आयतात आणले तर ते एकावर एक रचले जातात, एकमेकांवर चढत नाहीत. पहिल्या आयताचं क्षेत्रफळ १ आहे, म्हणून तुकडे अनंत असले तरी त्यांची एकूण बेरीज १ च्या आतच राहणार. शिवाय वक्र खाली झुकलेला असल्यामुळे प्रत्येक तुकडा आपापल्या चौकटीच्या अर्ध्याहून थोडा मोठा असतो, म्हणून एकूण बेरीज १/२ च्या वर. सगळ्या तुकड्यांची मिळून जी ठरावीक संख्या होते तिला आज γ, म्हणजे गॅमा, म्हणतात. तिची किंमत ०.५७७२१५६६४९०१५३… आहे.

याच चित्रातून पुढची दुरुस्तीही मिळते. आपण १००० पाशी थांबलो, तर १००० आणि त्यापुढचे तुकडे आपल्या बेरजेत आलेलेच नाहीत. तेही डावीकडे सरकवले तर १/१००० उंचीच्या आयतात बसतात आणि त्याचा अर्ध्याहून किंचित जास्त भाग व्यापतात. म्हणजे γ मधून साधारण १/२००० वजा करायचा. पण १००० व्या पदाचा स्वतःचा आयत, म्हणजे पूर्ण १/१०००, अजून मिळवायचा राहिला आहे. वजा अर्धा आणि अधिक एक मिळून १/२००० ची भर पडते. ‘अर्ध्याहून किंचित जास्त’ यातला किंचितपणा किती, हे काढायला थोडं संकलन लागतं. तो 1/(12n²) निघतो. मग सूत्र असं होतं:

```
H(n) = ln n + γ + 1/(2n) − 1/(12n²) + 1/(120n⁴) − 1/(252n⁶) + 1/(240n⁸) − …
```

इथे H(n) म्हणजे पहिल्या n व्यस्तांकांची बेरीज. ही पदांची माळ ऑयलरने आणि स्वतंत्रपणे कॉलिन मॅक्लॉरिनने शोधलेल्या बेरजेच्या सूत्रातून येते, म्हणून ते सूत्र दोघांच्या नावाने ओळखलं जातं. पदांची चिन्हं आलटून पालटून बदलतात आणि त्यात मोठी सोय आहे. जिथे थांबाल तिथली चूक गाळलेल्या पहिल्या पदापेक्षा कमी असते, आणि ती कोणत्या बाजूला आहे तेही त्या पदाच्या चिन्हावरून कळतं.

आता खरी अडचण γ ची. सूत्रात ती हवी, पण ती आणायची कुठून? अनंत तुकडे कोण जोडणार? ऑयलरने सूत्र उलटं फिरवलं. एखाद्या लहान n साठी बेरीज हाताने काढायची, सूत्रातली बाकीची सगळी पदं त्यातून वजा करायची, आणि उरेल ती γ. त्याने n = १० निवडलं. निवड चोख होती. दहाचे सम घात घेतले की छेदात फक्त शून्यं वाढतात, भागाकार सोपे होतात, आणि ln 10 त्याच्याकडे आधीच भरपूर स्थळांपर्यंत काढलेला होता. दहा पदांची बेरीज ७३८१/२५२० येते. पुढचा हिशोब मी बारा स्थळांपर्यंत मांडतो. उजवीकडे प्रत्येक पायरीनंतर उरलेली रक्कम आहे.

```
दहा पदांची बेरीज            २.९२८९६८२५३९६८
वजा ln 10 (२.३०२५८५०९२९९४)   ०.६२६३८३१६०९७४
वजा १/२०                    ०.५७६३८३१६०९७४
अधिक १/१२००                 ०.५७७२१६४९४३०८
वजा १/१२०००००               ०.५७७२१५६६०९७४
अधिक १/२५२००००००            ०.५७७२१५६६४९४२
वजा १/२४०००००००००           ०.५७७२१५६६४९०१
```

उजवा रकाना वरून खाली वाचत जा. आधी सहाव्या स्थळापर्यंतचे अंक पक्के होतात, मग आठव्यापर्यंतचे, मग दहाव्यापर्यंतचे. खरी किंमत कधी वर असते, कधी खाली, आणि दर पायरीला फट अरुंद होत जाते. सूत्रातली आणखी दोन-तीन पदं घेऊन ऑयलर पंधरा स्थळांपर्यंत बरोबर पोचला. त्याआधी, १७३४ साली सादर केलेल्या लेखात, त्याने याच संख्येची किंमत ०.५७७२१८ दिली होती. तिचा शेवटचा अंक चुकला आहे. सहावं स्थळ डळमळीत होतं तिथून पंधरावं पक्कं झालं, आणि फरक फक्त रीत बदलल्यामुळे पडला.

γ एकदा हातात आली की हजाराचा हिशोब चार ओळींत संपतो. १००० म्हणजे दहाचा घन, म्हणून ln 1000 काढायला ln 10 ची तिप्पट पुरते.

```
ln 1000               ६.९०७७५५२७८९८२१
अधिक γ                ०.५७७२१५६६४९०१५
अधिक १/२०००           ०.०००५००००००००००
                      ---------------
                      ७.४८५४७०९४३८८३६
वजा १/१२००००००        ०.०००००००८३३३३३
                      ---------------
                      ७.४८५४७०८६०५५०३
```

पुढचं पद 1/(120n⁴) आहे. n = १००० साठी त्याची किंमत दशांशचिन्हानंतर चौदा शून्यं आणि मग ८३ अशी येते, म्हणून तेराव्या स्थळापर्यंत त्याचा विचारच करायला नको. कोणतं पद किती कामाचं आहे तेही इथेच दिसतं. फक्त ln 1000 घेतला तर ०.५८ ची चूक. γ मिळवल्यावर अर्ध्या सहस्रांशाची. १/२००० मिळवल्यावर एक कोटीव्या भागाहूनही कमी. रोजच्या कामाला ‘लॉगरिदम अधिक ०.५७७२’ एवढं लक्षात ठेवलं तरी हजारासाठी तीन अंकी उत्तर बरोबर मिळतं: ७.४८ आणि ७.४९ च्या मध्ये.

रोजच्या कामाला ही बेरीज कुठे लागते, असं कुणी विचारलं तर मी पावसाचं उदाहरण देतो. समजा दरवर्षीचा पाऊस आधीच्या वर्षांपेक्षा स्वतंत्र आहे आणि हवामान बदलत नाही. मग पन्नासाव्या वर्षी आजवरचा उच्चांक मोडण्याची शक्यता किती? पन्नास वर्षांपैकी सर्वांत जास्त पावसाचं वर्ष कोणतंही असू शकतं, म्हणून १/५०. प्रत्येक वर्षासाठी अशीच शक्यता जोडत गेलं की हजार वर्षांत सरासरी किती वेळा उच्चांक होईल याचं उत्तर मिळतं, आणि ते म्हणजे हीच बेरीज, साडेसातच्या आसपास. पहिलं वर्षही त्यात उच्चांक म्हणूनच धरलं आहे. शंभर वर्षांत सरासरी ५.१९, हजार वर्षांत ७.४९. पुढच्या नऊशे वर्षांत जेमतेम सव्वादोन उच्चांक! प्रत्यक्ष नोंदींत याहून बरेच जास्त उच्चांक दिसले, तर दोन गृहीतांपैकी एक तरी ढासळलं आहे असा संशय घ्यायला जागा आहे.

गॅमाची किंमत आठवत नसेल तर? तरीही मार्ग आहे. ऐनवेळी तो उपयोगी पडतो, म्हणून मी तो कागदावर करून पाहिला. पहिली दहा पदं नेहमीसारखी जोडा: २.९२८९६८. उरलेल्या प्रत्येक १/k ऐवजी वक्राखालची k वजा अर्धा ते k अधिक अर्धा एवढी पट्टी घ्या. ११ ते १००० या पदांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि १०.५ ते १०००.५ पर्यंतचं सलग क्षेत्रफळ तयार होतं, म्हणजे ln(1000.5/10.5), म्हणजेच ४.५५६८८०. दोन्हींची बेरीज ७.४८५८४८. हे उत्तर किंचित जास्त आहे, कारण वक्र झुकलेला असल्यामुळे पट्टीचं क्षेत्रफळ मधल्या उंचीच्या आयतापेक्षा थोडं मोठं भरतं. तो जादा भाग १०.५ चा वर्ग घेऊन त्याची चोवीसपट केली की मिळणाऱ्या संख्येचा व्यस्तांक आहे, १/२६४६, म्हणजे ०.०००३७८. तो वजा केला की ७.४८५४७०. गॅमा न वापरता सहाव्या स्थळापर्यंत आलो, आणि जोडलेली पदं पुन्हा दहाच.

हे हिशोब करताना दोन चुका हमखास होतात, आणि दोन्ही अंकांवरूनच ओळखता येतात. पहिली म्हणजे कॅल्क्युलेटरवर ln ऐवजी log दाबणं. log 1000 म्हणजे ३, मग उत्तर ३.५७७ येतं. ओरेमच्या गटांनी बेरीज ५.५ च्या वर आहे हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे ही चूक तिथल्या तिथे पकडता येते. ढोबळ अंदाज आधी घ्यावा असं मी म्हणतो ते यासाठीच. दुसरी चूक जास्त चिवट आहे. बेरीज १००० पर्यंत आहे की ९९९ पर्यंत, यात गल्लत होते आणि १/२००० मिळवायचं की वजा करायचं ते चुकतं. ९९९ पर्यंतची बेरीज ln 1000 + γ − 1/2000 आहे, १००० पर्यंतची ln 1000 + γ + 1/2000. आपलं उत्तर आणि प्रत्यक्ष बेरीज यांच्यात नेमका ०.००१ चा फरक दिसला तर सूत्रावर शंका घेऊ नका, शेवटचं पद मोजलं की नाही ते तपासा.

सूत्रालाही मर्यादा आहे. दहासाठी त्याने इतकं सुरेख काम केलं, मग एकासाठी का करू नये? n = १ ठेवलं तर डाव्या बाजूला बेरीज १ आहे आणि ln 1 शून्य, म्हणजे γ एकही भागाकार न करता मिळायला हवी. करून पाहिलं की फसगत कळते. γ ची खरी किंमत घालून सूत्रातली पदं एकेक करून मिळवत गेलं की ०.९९३९, १.००२२, ०.९९८२, १.००२४, ०.९९४८, १.०१५९, ०.९३२६ असे आकडे येतात. आधी उत्तर १ च्या जवळ सरकतं, मग लांब जायला लागतं, आणि पुढे गेलं की वेगाने बहकतं. कारण 1/12, 1/120, 1/252 या सहगुणकांची माळ आधी घटते आणि नंतर बेफाम वाढते. दहासाठी दहाचे घात त्या वाढीला बराच काळ दाबून ठेवतात, एकासाठी दाबायला कुणीच नाही. या सूत्रात जास्त पदं घेतली की जास्त अचूकता, असं होत नाही. सर्वांत लहान पदाच्या आधी थांबायचं. अचूकता वाढवायची असेल तर n वाढवायचं, म्हणजे सुरुवातीची आणखी काही पदं हाताने जोडायची.

आणि हाताने जोडताना किंवा वजा करताना अंक घसरला तर मोठ्यांचीही फजिती होते. १७९० साली इटलीतल्या लोरेन्झो मास्केरोनीने γ ची किंमत ३२ स्थळांपर्यंत छापली. त्यातली पहिली १९ च बरोबर होती. १८०९ मध्ये जर्मनीतल्या योहान सोल्डनरने दुसऱ्या वाटेने काढलेली किंमत विसाव्या स्थळाला वेगळी आली, आणि बरोबर कोण हा प्रश्न उभा राहिला. शेवटी गाऊसने निकोलाई या तरुण गणकाकडून ती पुन्हा काढवून घेतली. १८१२ मध्ये त्याने ४० स्थळं काढली, ती सोल्डनरशी जुळली, आणि निकाल लागला. एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जाऊन चूक सापडत नाही. दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचता आलं तरच उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

आजही हे तितकंच लागू आहे, आणि यंत्रालाही लागू आहे. हजार पदं संगणक क्षणात जोडतो आणि बरोबर जोडतो. पण बेरीज थांबेपर्यंत जोडत राहा असं त्याला ३२ बिटांच्या दशांश संख्यांत सांगून बघा:

```python
import numpy as np
s = np.float32(0)
n = 1
while True:
    t = s + np.float32(1) / np.float32(n)
    if t == s:
        break
    s, n = t, n + 1
print(n, s)
```

गणितात ही बेरीज कधीच थांबत नाही. इथे ती n = २०९७१५२ ला थांबते आणि पडद्यावर १५.४०३६८३ दिसतं. या प्रकारच्या संख्येत ८ ते १६ च्या दरम्यान दोन शेजारी किंमतींमधलं अंतर दोनाच्या विसाव्या घाताचा व्यस्तांक आहे. मिळवायचं पद त्या अंतराच्या अर्ध्याहून जास्त असेपर्यंत बेरीज एक पाऊल पुढे सरकते. पद अर्ध्यावर आलं की बेरीज जागची हलत नाही. २०९७१५२ म्हणजे दोनाचा एकविसावा घात, ती अर्ध्याची वेळ नेमकी इथे येते.

थांबणं एकवेळ समजण्यासारखं आहे. पण थांबण्याआधीचं उत्तर तरी बरोबर आहे का? आपलं सूत्र लावा. ln 2 ची एकवीसपट १४.५५६०९१, त्यात γ मिळवून १५.१३३३०७. यंत्राचं उत्तर ०.२७ ने जास्त आहे! हा जादा भाग मुख्यतः शेवटच्या चौदा लाख पदांत शिरला. सुमारे सात लाखांपासून पुढे प्रत्येक पद, खरं कितीही असलं तरी, पूर्ण एक पाऊल म्हणून मोजलं गेलं. या पदांची खरी बेरीज ln 3 च्या जवळ, १.०९९ असायला हवी होती, यंत्राने १.३३३ मोजली. हीच पदं उलट क्रमाने, शेवटच्या लहान पदापासून सुरू करून पहिल्या १ पर्यंत जोडली, तर लहान रकमा आधी आपसांत साठतात, मोठ्या बेरजेत हरवत नाहीत, आणि त्याच ३२ बिटांत उत्तर १५.१३ येतं.